छातीत दुखण्याची पहिली दहा मिनिटे

मागच्या काही महिन्यांत वाचक भगिनींकडून एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला आहे : छातीत दुखते म्हणून माणसाला घाईने दवाखान्यात न्यावे, तर तिथे सिस्टर आधी प्रश्न विचारत बसतात, अंगावरचे कपडे काढायला लावतात, ईसीजी काढतात आणि वेदनेचे इंजेक्शन मात्र लगेच देत नाहीत. असे का? आम्ही तातडीच्या विभागात काम करणाऱ्या परिचारिका आहोत, म्हणून या वेळच्या सदरात त्याचेच उत्तर देतो.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी अडकली की त्या नळीवर जगणारा स्नायू मरू लागतो. तो एकदम मरत नाही, तासातासाने मरतो. म्हणून छातीत दुखणारा रुग्ण दारातून आत आला की दहा मिनिटांच्या आत त्याचा ईसीजी काढून डॉक्टरांच्या हातात द्यायचा, हा आमचा नियम आहे. नाव, पत्ता, केसपेपर हे सगळे नंतर.

एक उदाहरण घेऊ. समजा, रमजानचे दिवस आहेत. घरातल्या खाला छप्पन्न वर्षांच्या आहेत आणि बारा वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे. इफ्तारनंतर साधारण साडेआठला त्यांच्या पोटाच्या वरच्या भागात जळजळू लागले, मळमळ झाली, अंगाला दरदरून घाम सुटला. सगळ्यांना वाटले, भजी बाधली. सोडा दिला, ढेकर आली, थोडे बरे वाटले. दहा वाजता जबडा आणि पाठ दुखू लागली, दम लागला. साडेदहाला सून आणि मुलगा त्यांना तालुक्याच्या रुग्णालयात घेऊन आले. छातीत दुखते असे खालांनी एकदाही म्हटलेले नाही.

इथेच बहुतेक घरे फसतात. स्त्रियांमध्ये, वयस्कर माणसांत आणि मधुमेह असलेल्यांत हृदयविकाराचा झटका कित्येकदा छातीत कळ न येता येतो. थंड घाम, दम लागणे, उलटीची भावना, जबडा, खांदा किंवा पोटाच्या वरच्या भागातले दुखणे, एवढीच त्याची खूण असते. सोड्याने बरे वाटले म्हणजे दुखणे पित्ताचेच होते, असे ठरत नाही. बोटाने एक जागा दाखवता येते, दाबल्यावर किंवा श्वास घेताना वाढते, असे दुखणे हृदयाचे असण्याची शक्यता कमी असते. पण त्यावर विसंबून आम्ही ईसीजी टाळत नाही.

आम्ही खालांना पलंगावर पाठीला उशी देऊन अर्धवट बसवतो, चालू देत नाही. एक सिस्टर नाडी, रक्तदाब, रक्तातला ऑक्सिजन आणि साखर पाहते, मॉनिटर जोडते. शॉक देण्याचे यंत्र पलंगाशेजारी आणून ठेवते, कारण पहिल्या तासांत हृदयाचा ठोका अचानक बिघडू शकतो. दुसरी विचारते : कधी सुरू झाले? कुठे दुखते, कुठवर जाते? दहापैकी किती? यातला सर्वांत मोलाचा प्रश्न पहिला. “संध्याकाळपासून” या उत्तराने काम भागत नाही. सुनेने “साडेआठला, इशाच्या अजानच्या सुमारास” असे सांगितले तर डॉक्टरांना पुढचा निर्णय घेता येतो.

आता पडद्याबद्दल. ईसीजीच्या सहा पट्ट्या छातीवर ठराविक जागीच लागतात. पहिल्या दोन छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना, चौथ्या फटीत, आणि बाकीच्या डावीकडे स्तनाखालून काखेच्या दिशेने. कपड्यावरून किंवा अंदाजाने लावल्या तर आलेख चुकतो. म्हणून बुरखा व कमीज बाजूला करावीच लागते. संकोचामुळे इथे पंधरा-वीस मिनिटे जातात, असे आम्ही पाहतो. तुम्ही सरळ म्हणा, “सिस्टरच ईसीजी काढू देत, पडदा ओढा, वरून चादर द्या.” हे मागणे रास्त आहे. पण सिस्टर हजर नसेल तर थांबू नका. जीव वाचवण्यासाठी शरीयतने इथे सवलत दिली आहे. तीच गोष्ट रोजाची. आजाऱ्याला रोजा सोडण्याची मुभा आहे, कजा नंतर होते. इफ्तारला अर्धा तास उरला आहे म्हणून गोळी थांबवू नका.

खालांच्या ईसीजीत हृदयाच्या खालच्या भागाला झटका आल्याचे दिसले. नाडी ४८, रक्तदाब ९२/६०. आम्ही हातात सलाईनची सुई लावतो, तपासणीसाठी रक्त घेतो आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून ऍस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला देतो. चावल्याने ती लवकर रक्तात उतरते. ऍस्पिरिनची ऍलर्जी किंवा पोटात रक्तस्राव असेल तर ती देत नाही. ऑक्सिजनचा मास्क प्रत्येकाला लागत नाही. प्रमाण ९० टक्क्यांखाली गेले तरच आम्ही लावतो.

मुलगा खिशातून सॉर्बिट्रेट काढतो, “अब्बांची आहे, जिभेखाली ठेवू का?” आम्ही त्याला थांबवतो. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते आणि रक्तदाब उतरवते. खालच्या भागाच्या झटक्यात हृदयाची उजवी बाजूही सापडलेली असू शकते. अशा वेळी आधीच कमी असलेला रक्तदाब या गोळीने एकदम कोसळतो. म्हणून छातीच्या उजव्या बाजूचा ईसीजीही काढतो. पुरुषाने आदल्या एक-दोन दिवसांत लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल तरी सॉर्बिट्रेट धोक्याची ठरते. लाज न बाळगता हे सिस्टरच्या कानात सांगावे.

अँजिओप्लास्टीचे शहर तीन तासांवर आहे. दोन तासांत तिथे पोचता येत नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन इथेच द्यायचे आणि मग पुढे पाठवायचे, असा निर्णय डॉक्टर घेतात. त्याआधी आम्ही विचारतो : कधी मेंदूत रक्तस्राव झाला होता का? अलीकडे लकवा, डोक्याला मार, मोठे ऑपरेशन? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? हे इंजेक्शन शरीरात कुठूनही रक्त वाहवू शकते. म्हणून काही दिवसांत हिजामा केला असेल तर तेही सांगा. याच कारणाने वाटेत दंडात किंवा कमरेत वेदनेचे इंजेक्शन घेऊन येऊ नका. त्या जागी रक्त साकळते. वेदनेचे औषध आम्ही लागेल तेव्हा शिरेतून देतो.

पहिला ईसीजी साधा आला तरी घरी जायची घाई करू नका. दुखणे चालू असेल तर आम्ही पंधरा ते तीस मिनिटांनी तो पुन्हा काढतो. ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणीही काही तासांनी पुन्हा करावी लागते, कारण स्नायू मरू लागल्यावर ते रक्तात वाढायला वेळ लागतो.

घरी करायचे एवढेच : माणसाला बसवा, जिना चढू-उतरू देऊ नका, मोटारसायकलवर नेऊ नका, १०८ ला फोन करा. चालू गोळ्यांची पिशवी आणि जुना ईसीजी सोबत घ्या. आणि दुखणे सुरू झाले ती वेळ घड्याळात पाहून लिहून ठेवा.