दिवा लाल की पिवळा?

पाचपावलीच्या एका वाचक भगिनीने मुलाच्या टुरिस्ट गाडीच्या डॅशबोर्डचा फोटो पाठविला आहे. गाडी समृद्धी महामार्गाने शिर्डीला न्यायची आहे आणि फोटोत पाच दिवे लागलेले आहेत. लाल बॅटरी, लाल तेलाची झारी, वर्तुळात लाल उद्गारचिन्ह, पिवळे इंजिन आणि पिवळे एबीएस. आता काय करावे, असे त्या विचारतात.

असा फोटो पाहताना आधी आरपीएमचा काटा पाहावा. या फोटोत तो शून्यावर आहे, म्हणजे चावी फिरवलेली आहे पण इंजिन बंद आहे. त्या वेळी हे दिवे लागायलाच हवेत. गाडी आपले बल्ब तपासून दाखवत असते. उलट झारीचा दिवा चावी फिरवल्यावर लागलाच नाही, तर काळजी करावी.

मुलाला इंजिन सुरू करून, हॅंडब्रेक सोडून दुसरा फोटो काढायला सांगितले. चार दिवे विझले, बॅटरी मात्र लालच राहिली. याचा अर्थ बॅटरी खराब असा लोक लावतात आणि हजारो रुपयांची नवी आणतात. खरे तर बॅटरीला चार्जिंग मिळत नाही, एवढेच हा दिवा सांगतो. मेकॅनिकने मीटर लावला. इंजिन सुरू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत, येथे बाराच होते. इंजिन बंद करून पाहिले तर डायनॅमोचा बेल्ट ढिला, चिरा पडलेला. बेल्ट बदलला, दिवा विझला.

हाच बेल्ट महामार्गावर तुटला असता तर? अनेक गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर फिरतो. तेव्हा बॅटरीपाठोपाठ तापमानाचा लाल दिवा येतो. नागपूरच्या मे महिन्यात तर फारच लवकर. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंदच करावे, आणि रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. उकळते पाणी तोंडावर उडते. बेल्ट शाबूत असेल तर एसी बंद करून, इंजिन बंद न करता जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते.

झारीला मात्र ही सवलत नाही. चालत्या गाडीत ती लाल झाली म्हणजे ऑइलचा दाब गेला. पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ, असे म्हणू नये. तेवढ्यात इंजिनाचे बेअरिंग घासून जाते. तिथेच थांबावे, डिपस्टिकने ऑइल पाहावे. ऑइल पुरेसे दिसले तरी गाडी टोचन करूनच न्यावी.

हॅंडब्रेक सोडूनही उद्गारचिन्ह राहिले तर ब्रेक ऑइल कमी झाले असण्याचा संभव मोठा, गाडी काढू नये. एकटे पिवळे एबीएस राहिले तर साधा ब्रेक लागतो, पण जोरात दाबल्यास चाके जाम होऊन गाडी घसरू शकते. पिवळे इंजिन स्थिर असेल तर दोन-चार दिवसांत दाखवावे. लुकलुकत असेल तर मात्र वेग कमी करून सरळ गॅरेज गाठावे.