दानाचा हिशेब

माउली, आपल्याकडे दानाचा ठरलेला दर नाही, देवाला भाव पुरतो, असे आपण अभिमानाने सांगतो. घाटकोपरच्या एका सप्ताहात मीही तसेच निरूपण केले आणि उठताना बिदागीचे पाकीट खिशात घातले. कीर्तनाच्या जागी द्रव्य घेऊ नये, ही तुकोबांची ताकीद मला पाठ होती.

अंधेरीतल्या एका मुसलमान दुकानदाराचा हिशेब धरा. वर्षभर राहिलेली रोकड, सोने, विक्रीचा माल मिळून 4 लाख. देणे 1 लाख. उरल्या 3 लाखांवर शेकडा अडीच, म्हणजे 7,500 रुपये जकात. तीही मशीद बांधायला चालत नाही, स्वतःच्या आईबापांना वा मुलांना देता येत नाही. ती गरिबाला, कर्जात बुडालेल्याला जाते. कारण तेवढा भाग आपला नव्हेच, तो गरिबाचा हक्क. तो काढला की उरलेले शुद्ध होते, अशी त्यांची समजूत.

देरासरात पर्युषणात बोली लागते. परिग्रह सुटावा हा तिचा हेतू, पण नाव गाजतेच. आपण त्यांना हसू नये. आपल्या सप्ताहातही पंगत देणाऱ्याचे नाव माइकवरून पुकारतात, आणि मंडपाचा खर्च भागला की शेजारच्या चाळीतला कर्जबाजारी कोणाला आठवत नाही.

दर ठरला की दानाचा कर होतो, असे तुम्ही म्हणाल. मग तुकोबांकडे पाहा. सावकारीची खते इंद्रायणीत बुडवण्याआधी त्यांनी निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला, वाटून दिली, असे परंपरा सांगते. बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची.