अख्ख्या शेताचा फोटो अन् मधलाच तुकडा

आज जरा कडक लिहितोय.

'अख्ख्या शेताचा फोटो टाका, रोग ओळखू' असं एका ॲपवाल्यांनी सांगितलं होतं. मी बांधावर उभा राहून सोयाबीनचा पॅनोरमा काढला. डाव्या टोकाला पिवळ्या मोझॅकची झाडं साध्या डोळ्यांना दिसत होती. उत्तर आलं, 'पीक निरोगी, 91 टक्के'. मी निर्धास्त झालो अन् आठ दिवसांत पांढऱ्या माशीनं रोग पार आत नेला. पहिल्याच दिवशी ती झाडं उपटायला हवी होती.

भाचा याच कामात आहे, त्यानं हिशेब मांडून दाखवला. माझा फोटो 10000 पिक्सेल रुंद अन् 2000 उंच. अशी बरीच मॉडेलं 224 बाय 224 चा लहानसा चौकोनच वाचतात. मग लांबट फोटो चौकोनात बसवायचा कसा? एक तर दोन्ही टोकं छाटून मधला चौकोन घ्यायचा, म्हणजे शेताचा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. नाहीतर फोटो दाबायचा. तेव्हा रुंदी 45 पट कमी होते अन् उंची फक्त 9 पट. फोटोत 90 बाय 90 पिक्सेलचं पान असेल, तर ते 2 रुंद अन् 10 उंच होतं. सोयाबीनचं पान गवताच्या पात्यासारखं दिसणार, त्यावरचा मोझॅक कुठून दिसायचा?

माझ्या फोटोचं काय झालं ते आम्ही तपासलं. उंची तशीच ठेवून दोन्ही टोकं सारखी कापली अन् फोटो परत टाकला. तेच उत्तर, तेच 91 टक्के! दाबला असता तर आकडा हलला असता. म्हणजे रोगट टोक ॲपनं बघितलंच नव्हतं. तुम्हीपण करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

'शेतकऱ्यांना फोटो काढता येत नाही' असं काही साहेब म्हणतात. अहो, छाटलं तुम्ही अन् दोष आमचा? फोटो रुंदीला उंचीच्या दुपटीपेक्षा जास्त असेल तर घेऊच नका. घेतलाच तर नेमका कोणता तुकडा वाचला तो दाखवा. न बघितलेल्या झाडांना निरोगी म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

तोवर आपण काय करायचं? पॅनोरमाचे पाच चौकोन कापले तरी 90 पिक्सेलचं पान 10 पिक्सेलचंच राहतं. पिवळा पट्टा कदाचित कळेल, पानावरचा रोग नाही. त्यापेक्षा शेतात आडवंतिडवं फिरा, बांधाकडची टोकं सोडू नका, अन् दोन-तीन पानंच फ्रेममध्ये येतील इतक्या जवळून फोटो घ्या.

पॅनोरमा स्टेटसला ठेवा, छान दिसतो. फवारणी त्यावर ठरवू नका.