चोवीस तासांचा हिशेब

आमच्या वाचक-कुटुंबांपैकी कित्येकांचा चरितार्थ इंदूर-पीथमपूरच्या कारखान्यांवर आणि पेढ्यांवर चालतो. जी मुले-मुली तेथील हिशेब-खात्यात नोकरीस लागतात, त्यांच्यासाठी आजचे हे टिपण आहे.

वार्षिक उलाढाल पाच कोटी रुपयांहून अधिक असलेल्या पेढीने दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यास माल विकला, तर त्याचे बीजक शासनाच्या संकेतस्थळावर नोंदविणे १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचे आहे. कारखान्याचा सारा हिशेब ज्या संगणक-प्रणालीत असतो ती ईआरपी हे बीजक थेट तिकडे पाठविते, आणि क्षणार्धात ६४ चिन्हांचा नोंदणी-क्रमांक, म्हणजे आयआरएन, क्यूआर चिन्हासह परत येतो. माल पन्नास हजारांहून अधिक किमतीचा असेल तर त्याच नोंदीवरून वाहतुकीचे ई-वे बिलही निघते. इतके सोपे आहे. अडचण उभी राहते ती बीजक रद्द करावयाच्या वेळी.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पीथमपूरच्या एका कारखान्याने नागपूरच्या व्यापाऱ्यास १०० व्हॉल्व्ह, प्रत्येकी ४,००० रुपये दराने विकले. किंमत ४,००,००० आणि अठरा टक्के कर ७२,००० मिळून बीजक ४,७२,००० रुपयांचे झाले. आयआरएन सोमवारी सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी मिळाला. लॉरीचा क्रमांक मंगळवारी सकाळी कळला, म्हणून ई-वे बिल ११ वाजता निघाले. दुपारी ३ वाजता नागपूरहून दूरध्वनी आला की मागणी ८० नगांचीच होती. लॉरी अद्याप फाटकाच्या आत उभी आहे.

येथे घड्याळे दोन आहेत, हे प्रथम ओळखावे. आयआरएन रद्द करण्यास तो मिळाल्यापासून २४ तास, आणि ई-वे बिल रद्द करण्यास ते निघाल्यापासून २४ तास. कारकून ई-वे बिलाकडे पाहून म्हणेल, ‘बुधवारी ११ पर्यंत सवड आहे.’ परंतु आयआरएनची मुदत आज ५ वाजून ४० मिनिटांनीच संपते. मुदत दिनांकावर नव्हे, तासा-मिनिटांवर मोजली जाते. प्रत्यक्षात उरले आहेत दोन तास चाळीस मिनिटे.

दुसरी गोष्ट क्रमाची. ई-वे बिल जिवंत असेपर्यंत शासनाचे संकेतस्थळ आयआरएन रद्द करू देत नाही. म्हणून आधी ई-वे बिल, मग आयआरएन आणि शेवटी ईआरपीतील बीजक, असा क्रम राखावा. केवळ ईआरपीतील नोंद पुसली तर घरच्या वहीत विक्री नाही आणि सरकारी दप्तरात मात्र ४,७२,००० ची विक्री उभी, अशी विसंगती होते. तिचा पत्ता बहुधा महिनाअखेरीस, विवरणपत्र भरताना लागतो. दररोज संध्याकाळी ईआरपीतील रद्द बीजकांची यादी संकेतस्थळाशी ताडून पाहिली तर हा घोटाळा त्याच दिवशी दिसतो.

तिसरी गोष्ट क्रमांकाची. शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव कमी झालेल्या मुलाचा क्रमांक दुसऱ्यास देत नाहीत, तसेच येथे. आयआरएन विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बीजक-क्रमांक यांवरून घडतो, म्हणून रद्द झालेला बीजक-क्रमांक पुन्हा पाठविल्यास तो नाकारला जातो. ८० नगांचे ३,७७,६०० रुपयांचे बीजक नव्या क्रमांकानेच काढावे, आणि जुना क्रमांक ‘रद्द’ म्हणून वहीत राहू द्यावा. आयआरएन मिळाल्यावर त्यात अंशतः दुरुस्तीही होत नाही. रद्द करावयाचे ते संपूर्ण बीजकच.

आता समजा, हाच दूरध्वनी सायंकाळी ६ वाजता आला. ई-वे बिल अजून रद्द होईल, पण आयआरएन होणार नाही. मग ४,७२,००० ची क्रेडिट नोट काढून तिचाही आयआरएन घ्यावा, आणि ८० नगांचे नवे बीजक व नवे ई-वे बिल करावे. हिशेब सरळ होतो, मात्र दोन दस्तऐवज वाढतात आणि दोन्ही पक्षांना ते विवरणपत्रांत दाखवावे लागतात.

लॉरी १०० नग घेऊन निघून गेली असेल, तर मात्र ई-वे बिलाला हात लावू नये. मार्गात तपासणी झालेले ई-वे बिल रद्द होत नाही. आणि तपासणीपूर्वी रद्द केले, तर चालता माल कागदाविना उरतो. तेव्हा माल पोहोचू द्यावा. जादा वीस नग परत येतील त्या वेळी त्यांची ९४,४०० रुपयांची क्रेडिट नोट करावी.

म्हणूनच आमची सूचना अशी : लॉरी दारात येऊन माल मोजून होईपर्यंत आयआरएन घेऊच नये. मग दोन्ही कागद एका वेळी निघतात आणि दोन्ही घड्याळे एकच वेळ दाखवितात.