रकान्यातलं ‘आहे’

२०११च्या जनगणनेतले घरांविषयीचे तक्ते २०१२मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा एक मथळा देशभर गाजला: भारतात शौचालयांपेक्षा फोन जास्त. आकडे खरे होते. ६३.२ टक्के कुटुंबांकडे फोन किंवा मोबाइल होता आणि घराच्या आवारात शौचालय होतं ४६.९ टक्के कुटुंबांकडे. उरलेली ५३.१ टक्के ‘शौचालय नसलेली’. मथळा वाचून सगळ्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. त्या तक्त्याच्या खालच्या ओळी मात्र फारशा कुणी वाचल्या नाहीत, आणि आरोग्याचा सगळा मजकूर तिथेच होता.

आता नव्या जनगणनेचं काम हाती घेतलं गेलं आहे. घरयादीच्या टप्प्यात प्रगणक पुन्हा पाणी, शौचालय आणि इंधन विचारणार, पुन्हा तक्ते येणार आणि पुन्हा मथळे होणार. म्हणून जुना तक्ताच एकदा नीट वाचायला हवा.

२०११चा प्रश्न होता तो ‘घराच्या आवारात शौचालय आहे का’ असा. ‘नाही’ म्हणणाऱ्यांचे पुढे दोन भाग होते: सार्वजनिक शौचालय वापरणारे ३.२ टक्के आणि उघड्यावर जाणारे ४९.८ टक्के. देशपातळीवर पहिला भाग एवढा छोटा, की तो सोडून दिला तरी चित्र बदलत नाही. महाराष्ट्रात मात्र बदलतं. आपल्या शहरी भागात जवळपास २९ टक्के कुटुंबं ‘आवारात शौचालय नसलेली’ होती. पण त्यातली सुमारे २१ टक्के सार्वजनिक शौचालयात जाणारी आणि ८ टक्क्यांच्या आसपास उघड्यावर जाणारी. म्हणजे मुंबईतल्या वस्तीत पहाटे डबा घेऊन रांगेत उभं राहणारं कुटुंब आणि गावाबाहेर माळावर जाणारं कुटुंब एकाच ‘नाही’त मोजलं गेलं. दोघांच्या अडचणी वेगळ्या आणि त्यांवरचे उपायही वेगळे. पहिल्या ठिकाणी प्रश्न सीटच्या संख्येचा, पाण्याचा, रात्रीच्या दिव्याचा आणि दाराच्या कडीचा असतो.

‘आहे’ची बाजूही तितकीच भेसळीची. त्या ४६.९ टक्क्यांत भुयारी गटाराला जोडलेली शौचालयं होती ११.९ टक्के, तर सेप्टिक टँकची त्याच्या जवळपास दुप्पट, २२.२ टक्के. टाकीतून बाहेर पडणारं पाणी शोषखड्ड्यात जातं की समोरच्या उघड्या नालीत, आणि गाळ उपसणारा टँकर तो कुठे नेऊन ओततो, हे तक्ता विचारत नाही. त्याच ‘आहे’मध्ये मैला थेट उघड्या गटारात सोडणारी ०.५ टक्के कुटुंबंही होती. आणि जिथला मैला माणसाने उचलायचा, अशी ०.३ टक्के. टक्क्यात हा आकडा पुसट वाटतो. मोजले तर ती सात लाख नव्वद हजारांहून अधिक कुटुंबं होतात. मैला वाहून नेण्याची प्रथा बंद करणारा कायदा १९९३चा, आणि अठरा वर्षांनंतर ही घरं ‘शौचालय आहे’ या बेरजेत निमूटपणे जमा झालेली.

इथे ‘कुटुंब’ या शब्दाचाही हिशेब ठेवावा लागतो. जनगणनेत कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. एका वाड्यात राहणाऱ्या तीन भावांच्या चुली वेगळ्या असतील, तर ती तीन कुटुंबं झाली. परसातलं एकच शौचालय तिघांच्या नावे ‘आहे’ ठरतं. त्यामुळे तक्त्यातल्या टक्क्यांवरून देशात शौचालयं किती, हे काढता येत नाही. आणि घरातलं कोण ते वापरतं नि कोण वापरत नाही, हे तर अजिबातच नाही.

पाण्याच्या तक्त्यात सगळा भार ‘मुख्य’ या शब्दावर आहे. वर्षातला जास्तीत जास्त काळ ज्यातून पाणी मिळतं तो स्रोत नोंदवायचा, असा नियम. मराठवाड्यातल्या गावाला जून ते फेब्रुवारी नळाने पाणी आलं आणि मार्च ते मे टँकरवर काढले, तर नोंद होते नळाची. ती चूक नव्हे; पण जुलाब आणि कावीळ यांच्या साथी बहुधा टंचाईच्या दिवसांत आणि पहिल्या पावसात उठतात, नेमक्या त्या काळाबद्दल तक्ता गप्प असतो. ‘प्रक्रिया केलेलं नळाचं पाणी’ ही ३२ टक्क्यांची ओळही पाणी तपासून भरलेली नसते. प्रगणकाच्या हातात कागद होता, क्लोरीन तपासायची बाटली नव्हे.

अंतराचा रकाना त्याहून फसवा. स्रोत आवारात, आवाराजवळ आणि दूर, असे तीन पर्याय होते. ग्रामीण भागात ‘जवळ’ म्हणजे ५०० मीटरच्या आत, शहरात १०० मीटरच्या आत. एका गावातला हिशेब करून पाहू. हातपंप ४५० मीटरवर आहे. डोक्यावर एक आणि कडेवर एक, असे पंधरा लिटरचे दोन हंडे धरले, तर एका खेपेला तीस लिटर. पाच माणसांच्या घराला पिणं, स्वयंपाक, भांडी आणि हातपाय धुणं यांसाठी माणशी निदान चोवीस लिटर म्हटलं तरी चार खेपा होतात आणि रोजची चाल साडेतीन किलोमीटरच्या वर जाते. हे कुटुंब तक्त्यात ‘जवळ’ आहे. पाणी वाहून आणावं लागलं की पिण्यात काटकसर होत नाही, हात धुण्यात होते. मुलांच्या जुलाबाचा आणि खरजेचा संबंध पाण्याच्या शुद्धतेइतकाच त्याच्या मापाशी असतो. २०११मध्ये देशातली ३५.८ टक्के कुटुंबं या ‘जवळ’मध्ये होती.

इंधनातही हाच ‘मुख्य’ आहे. २०११मध्ये ४९ टक्के कुटुंबांचं मुख्य इंधन सरपण होतं आणि २८.५ टक्क्यांचं गॅस. पुढे २०१६पासून उज्ज्वला योजनेत जोडण्या वाटल्या गेल्या. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी कुटुंबं ५८.६ टक्के आढळली, त्याच सुमारास गॅसजोडण्यांचा सरकारी आकडा मात्र जवळपास प्रत्येक घरापर्यंत पोचला होता. मधली घरं म्हणजे चहा आणि पाहुण्यांपुरता गॅस, भाकरी चुलीवर. आणि ज्यांचं मुख्य इंधन खरोखर गॅस आहे, त्यांच्याही अंगणात आंघोळीचं पाणी तुराट्या-पऱ्हाट्यांवर तापतंच. तो स्वयंपाक नव्हे, म्हणून प्रश्नात बसत नाही; धूर मात्र फुप्फुसात बसतो. चूल निम्मी विझली म्हणून मुलांचा न्यूमोनिया निम्मा होत नाही, कारण उरलेला धूरही सुरक्षित पातळीच्या कितीतरी वर असतो.

नव्या घरयादीच्या ३३ प्रश्नांत इथे एक चांगली दुरुस्ती झाली आहे. स्वयंपाकघर आणि गॅसजोडणी यांची उपलब्धता एका प्रश्नात आहे, तर स्वयंपाकाचं मुख्य इंधन वेगळ्या प्रश्नात. दोन्ही उत्तरं एकाच तक्त्यात समोरासमोर छापली, तर ‘जोडणी आहे, मुख्य इंधन सरपण’ अशी कुटुंबं तालुक्यागणिक मोजता येतील. सिलिंडरची किंमत परवडत नाही, की गाडी गावात येत नाही, की रानातलं सरपण फुकट मिळतं, हे तक्ता सांगणार नाही. पण विचारायला कोणत्या तालुक्यात जायचं ते सांगेल. शौचालयाचा प्रश्नही आता ‘आवारात’ या शब्दावर अडलेला नाही, ते कुटुंबाला वापरायला मिळतं का, असा आहे. तक्ते छापताना या दोन्ही प्रश्नांच्या उपओळी गाळून फक्त बेरीज पुढे केली, तर मात्र ही दुरुस्ती कागदावरच राहील. जनगणना कार्यालयाने हे तक्ते पहिल्या दिवसापासून उपओळींसह आणि तालुकानिहाय द्यावेत, आणि जिल्हा परिषदांच्या आरोग्य विभागांनी ते मागून घ्यावेत.