विश्लेषण : सहलीच्या यादीतले नाव ऐनवेळी बदलता येते का?

शाळेच्या सहलीचे रेल्वे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. जागा हातच्या जाऊ नयेत म्हणून अनेक शाळा हजेरीपटावरून अंदाजे नावे देऊन तिकिटे काढतात आणि पैसे नंतर गोळा करतात. हा क्रम उलटा आहे. त्याची झळ बसते ती पालकांना.

नियम काय सांगतो?

मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेतील विद्यार्थ्याचे कन्फर्म तिकीट त्याच संस्थेतील दुसऱ्या विद्यार्थ्याच्या नावे करता येते. त्यासाठी संस्थाप्रमुखाचा लेखी अर्ज गाडी सुटण्याच्या ४८ तास आधी आरक्षण कार्यालयात पोहोचायला हवा. ही सवलत एकदाच मिळते आणि गटाच्या एकूण संख्येच्या १० टक्क्यांपर्यंतच नावे बदलता येतात.

चाळीस मुलांचे गणित

समजा, नववीच्या ४० मुलांची गाडी शुक्रवारी रात्री ९ वाजता सुटणार आहे. त्या आठवड्यात सहा मुलांनी माघार घेतली आणि सहा नवी मुले तयार झाली. दहा टक्क्यांच्या हिशेबाने बदल फक्त चार नावांत होईल. उरलेली दोन तिकिटे रद्दच करावी लागतील आणि नव्या दोघांना जागा मिळेलच असे नाही. मुदत बुधवारी रात्री ९ वाजता संपते, पण खिडकी त्याआधीच बंद झालेली असू शकते. म्हणून मंगळवारीच अर्ज देणे शहाणपणाचे. शाळेच्या लेटरहेडवर पीएनआर, जुने नाव आणि नव्या विद्यार्थ्याचे नाव, वय व लिंग लिहावे. बदल एकदाच होत असल्याने सगळी नावे एकाच अर्जात द्यावीत.

‘चालून जाईल’ म्हटले तर?

दुसऱ्याच्या नावावर बसलेला विद्यार्थी विनातिकीट ठरतो. तपासनीस ओळखपत्र मागतो तेव्हा भाडे आणि दंड भरण्याची वेळ सोबतच्या शिक्षकांवर येते.

आगाऊ रक्कम कोणाची?

यावर उपाय साधा आहे. आरक्षण खुले होण्याआधीच पालकांची सही आणि आगाऊ रक्कम घ्यावी, नावे ओळखपत्राशी ताडून पाहावीत आणि त्याच वेळी चार-पाच मुलांची प्रतीक्षा यादी तयार ठेवावी.

परताव्याची अटही त्याच पत्रकात लिहिलेली असावी. मूल आजारी पडले आणि त्याची जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलाने घेतली, तर त्या तिकिटापोटी शाळेचे काहीच नुकसान होत नाही. तरीही ‘आगाऊ रक्कम परत मिळणार नाही’ असे सांगणे म्हणजे एकाच जागेचे पैसे दोनदा घेणे होय. तिकीट रद्द करावे लागले, तर रेल्वेने कापलेली रक्कम तेवढी वजा करून बाकी परत द्यावी. तिकीट रद्द केल्याची पावती पालकांना दाखवली, तर वादाला जागाच उरत नाही.