हर्निया नवा, तरी दावा नामंजूर

गेल्या वर्षी माझ्या एका पेशंटला जांघेत हर्निया निघाला. वय ४६, हमालीचं काम. पॉलिसी घेतली १० जून २०२४ ला, गाठ दिसली ऑगस्ट २०२५ मध्ये. ऑपरेशनचा दावा नामंजूर झाला. "डॉक्टर, हा आजार आधी नव्हता, तुम्हीच लिहून द्या," असं तो म्हणाला. मी लिहून दिलं. उपयोग झाला नाही, आणि कंपनीचं चुकलंही नव्हतं.

बहुतेकांना वाटतं की विमा फक्त जुने आजार नाकारतो. पण पॉलिसीत Excl02 नावाचं वेगळं कलम असतं. त्यातल्या यादीत मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, पित्ताशयातले खडे असे आजार असतात (यादी कंपनीगणिक बदलते). यांचा खर्च बहुधा २४ महिने मिळत नाही, मग आजार कालच का झालेला असेना. मूळ वाक्य साधारण असं असतं: 'सूचीबद्ध आजारांवरील उपचारांचा खर्च, प्रथम पॉलिसीच्या प्रारंभापासून २४ महिन्यांचे अखंड संरक्षण पूर्ण होईपर्यंत वगळण्यात येईल.' पुढे, आजार आधीपासूनचाही असेल तर दोन्ही मुदतींपैकी मोठी लागू. यात खोटं काहीच नाही, पण विकत घेणाऱ्याला यातून काय कळणार? यादीही बऱ्याचदा वेगळ्या पानावर.

माझ्या मते हाच परिच्छेद पैसे भरण्यापूर्वी असा छापून द्यावा:

'तुम्ही ही पॉलिसी आज, १० जून २०२४ ला घेतलीत, तर हर्निया, मोतीबिंदू (इथे पूर्ण यादी) यांच्या उपचाराचा खर्च ९ जून २०२६ पर्यंत आम्ही देणार नाही. आजार पॉलिसीनंतर झाला तरी नाही. तातडीचं ऑपरेशन लागलं तरी नाही. अपघातामुळे उपचार लागले तर देऊ. आजार आज आधीच असेल, तर ही तारीख ९ जून २०२७. मध्ये नूतनीकरण चुकवू नका. दुसऱ्या कंपनीची पॉलिसी खंड न पाडता इकडे आणली असेल, तर तिथला काळ यातून वजा होईल.'

'२४ महिने' ऐवजी तारीख आली की माणूस कॅलेंडर बघतो. 'तातडीचं ऑपरेशन' हे वाक्य मी मुद्दाम घातलं आहे. मूळ कलमात सूट फक्त अपघाताला आहे, इमर्जन्सीला नाही, आणि हे न सांगता वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही. वाक्यं वाढतात हे खरं. वकिलांना आवडणार नाही.

माझा पेशंट जून २०२६ पर्यंत थांबायचं म्हणत होता. मी त्याला सांगितलं, गाठ आत जाईनाशी झाली, दुखू लागली, उलट्या झाल्या, तर आतडं अडकलंय असं समजायचं आणि त्याच तासाला निघायचं. त्या ऑपरेशनचाही खर्च मिळणार नाही आणि तो जास्त येईल. शेवटी त्याने दिवाळीनंतर जिल्हा रुग्णालयात ऑपरेशन करून घेतलं. हप्ता मात्र भरतोय.